नाशिक ते सापुतारा : एका सीमारेषेच्या मागावर

दिंडोरी रोडने नाशिक मागे पडलं आणि वणीपर्यंत द्राक्षबागांनी डोळे भरून टाकले. वणी सोडल्यावर उजव्या हाताला सप्तशृंगीचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. पुढे बोरगावकडे निघालं की बागा संपतात आणि सुरगाणा तालुक्याचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. या दिवसांत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची खोकी मांडून बायका बसलेल्या असतात. माझ्यासोबत मामा होते. त्यांची सगळी नोकरी भूकरमापक म्हणून गेली, त्यामुळे गाडीतून दिसणारा प्रत्येक बांध त्यांच्यासाठी काहीतरी सांगत असतो. माझ्या मांडीवर एक शालेय अॅटलास होता, आणि मागच्या सीटवर गेल्या आठवड्यात एका जुन्या संदर्भग्रंथातून उतरवून घेतलेले कागद.

आम्हाला पाहायची होती ती महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द. हातगड हे आपल्याकडचं शेवटचं गाव. किल्ल्याच्या पायथ्यापासून वर वळणं घेतली की डांग जिल्ह्यातलं सापुतारा. अॅटलासमध्ये ही हद्द म्हणजे काही मिलिमीटरची तुटक रेघ. हीच रेघ बेळगावच्या बाजूने महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मधूनही जाते. तोच रंग, तीच जाडी. एका ठिकाणच्या भांडणाची धग आता राहिलेली नाही, दुसऱ्या ठिकाणचं भांडण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नकाशा दोन्हींत काहीच फरक करत नाही. हे मला बरेच दिवस खुपत होतं, म्हणून मामांना घेऊन निघाले.

हातगडच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं मिळालं. वाढणारी बाई शेजारणीशी जी बोली बोलत होती, तीच बोली सीमेपलीकडच्या डांगात बोलतात. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या भारताच्या भाषा सर्वेक्षणात भिल्ल भाषांचा खंड १९०७ साली निघाला आणि खानदेशीही त्याच खंडात घेतली गेली. मराठीला वेगळा खंड होता. म्हणजे डांगातल्या माणसाची बोली मराठी की गुजराती, हा प्रश्न पुढे राजकारणात तापला, तरी तिथली बोली दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातली आहे हे संदर्भग्रंथ आधीच सांगत होता. १९६० साली डांग गुजरातकडे गेला.

तो कसा गेला, ते कागदात होतं. मुंबई पुनर्रचना कायदा वाचताना मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की कायदा कुठेही रेघ ओढत नाही. तो नावं सांगतो. गुजरातमध्ये हे हे जिल्हे, आणि त्यात डांग. त्यापुढे ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावं, पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावं. ही गावं कोणती, त्यांची यादी परिशिष्टात. बस्स. रेघ ओढणं हे नंतरचं काम.

मामा म्हणाले, "बरोबर आहे ते. कायद्याने गाव दिलं की त्या गावाची शीव आपोआप हद्द होते. गावनकाशा आधीच मोजलेला असतो. पण गावनकाशातली शीव जागेवर सापडायला दगड लागतात, आणि दगड हलतात. नांगर लागतो, पूर येतो, कुणी मुद्दाम हलवतं."

"मग डांगच्या बाजूला सोपं झालं असणार?"

"सोपं म्हणजे, आख्खा जिल्हाच दिला ना. जुनी जिल्ह्याची हद्द तीच राज्याची हद्द झाली. नवापूरकडे गावागणिक शीव बघावी लागली असेल. तिथे रेघ नागमोडी का आहे, ते आता कळलं ना तुला?"

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मोठ्या प्रमाणावरच्या नकाशांत हा फरक दाखवायची सोय आहे. त्यांच्या खुणांच्या यादीत राज्याची हद्द दोन प्रकारची असते : जागेवर खुणा करून निश्चित केलेली आणि तशी न केलेली. हद्दीचे स्तंभही दोन प्रकारचे, मोजणीत सापडलेले आणि न सापडलेले. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात त्या ठिकाणाला वेगळं चिन्ह आहे. पण हे सगळं शालेय अॅटलासमध्ये येईपर्यंत गळून जातं. तिथे उरते एकच रेघ आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरातल्या टिपा.

त्या टिपा कुणी वाचत नाही. मीही शाळेत कधी वाचल्या नव्हत्या. हातगडच्या पायथ्याशी गाडी लावून आम्ही त्या वाचल्या. भारताच्या राजकीय नकाशाखाली साधारण असं असतं : अरुणाचल प्रदेश, आसाम आणि मेघालय यांच्यामधल्या सीमा १९७१ च्या ईशान्य क्षेत्र पुनर्रचना कायद्यावरून काढल्या आहेत, त्यांची पडताळणी अजून व्हायची आहे. आणि आणखी एक : अंतर्गत तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी प्रकाशकाची. देशाची बाहेरची सीमा सर्वेक्षण विभागाच्या प्रमाण प्रतीशी जुळवून घ्यावी लागते, आतल्या रेघा मात्र ज्याने छापल्या त्याच्या माथी.

आता ईशान्येची टीप पुन्हा नीट वाचा. तिथे वाद आहे असं ती म्हणत नाही. ती म्हणते, कायद्यात जे लिहिलं त्यावरून आम्ही रेघ काढली, ती जागेवर तपासलेली नाही. आसाम आणि मेघालयामध्ये मतभेदाची १२ ठिकाणं होती. त्यातल्या ६ ठिकाणांवर मार्च २०२२ मध्ये करार झाला. पण त्या टिपेतून हे १२ किंवा ६ कळायचा मार्ग नाही. आणि आसाम-मिझोरामची सीमा पाहा. तिथे २६ जुलै २०२१ रोजी गोळीबारात आसामचे पोलीस मारले गेले. त्या वादाच्या मुळाशी १८७५ ची एक अधिसूचना आणि १९३३ ची दुसरी अधिसूचना आहे. एक राज्य पहिली मानतं, दुसरं दुसरी. तरी त्या टिपेत मिझोरामचं नावच नाही.

तेव्हा नकाशाखालची टीप भांडणाचं मोजमाप नाही, ती मोजणीची स्थिती सांगते. बेळगावच्या रेघेला टीप नाही यात मला जे अन्यायाचं वाटत होतं, त्याचं उत्तर इथे मिळालं. तिथली रेघ जागेवर कुठे आहे याबद्दल फारशी शंकाच नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्याला दिला. चंदगड कोल्हापूरला आला, खानापूर पलीकडे गेला. दोन तालुक्यांमधली जुनी हद्दच राज्याची हद्द झाली. मोजणीच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला. महाराष्ट्राची तक्रार रेघ कशी मोजली याची नाही, ती मुळात तिथे असावी का याची आहे.

आणि मग महाजन आयोग. १९६६ मध्ये नेमला, १९६७ मध्ये अहवाल आला. त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं. निपाणी, नंदगड इकडे यायचे होते. जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या भागांतली गावं तिकडे जायची होती. बेळगाव शहर कर्नाटकातच राहणार होतं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटकाने मानला, संसदेने कायदा केला नाही. म्हणून या पट्ट्यात प्रत्यक्षात तीन रेघा आहेत : १९५६ ची कायद्यातली, १९६७ ची शिफारशीतली आणि महाराष्ट्राच्या मागणीची. अॅटलासकाराला पहिलीच छापावी लागते, कारण राज्याच्या सीमा बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने फक्त संसदेला दिला आहे. महाजन रेघ छापणारा नकाशा आज दोन्ही राज्यांच्या दृष्टीने चूक ठरेल. महाराष्ट्राला ती मान्य नव्हती, आणि कर्नाटकाने मानली तरी ती कधी अंमलात आली नाही.

नकाशापेक्षा आकड्यांचे तक्ते जास्त प्रामाणिक असू शकतात, हे मला जनगणनेच्या तक्त्यावरून कळलं. पुदुच्चेरी आणि आंध्र प्रदेश यांच्यात १३ चौरस किलोमीटर जागेचा वाद आहे. जनगणनेच्या क्षेत्रफळाच्या तक्त्याखाली सरळ लिहिलेलं असतं की हे १३ चौरस किलोमीटर दोघांपैकी कुणाच्याही आकड्यात धरलेले नाहीत. म्हणूनच राज्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करायला बसलं की गोळाबेरीज जुळत नाही. मी मामांना ते दाखवलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "हा खरा मोजणीवाला माणूस असणार. न जुळणारं त्याने जुळवून दाखवलं नाही."

दुपारी सापुताऱ्याचा घाट चढलो. पाट्यांवरची लिपी बदलली, तळ्याकाठी नाशिक पासिंगच्या गाड्या तितक्याच होत्या. मागे २०२२ च्या अखेरीस सुरगाण्याच्या काही सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घ्या अशी मागणी केली होती. रस्ते, पाणी, दवाखाना पलीकडे बरा मिळतो हे त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमाराला जतच्या गावांवरून कर्नाटकाशी वाद पेटला होता आणि बातम्यांत दोन्ही गोष्टी एकाच मथळ्याखाली येत होत्या. त्या एक नाहीत. सुरगाण्यात गावकऱ्यांनी आपल्या सरकारकडे गाऱ्हाणं मांडलं होतं, गुजरात राज्याचा त्यावर दावा नाही. संदर्भग्रंथात पहिल्याची नोंद तालुक्याच्या विकासाच्या माहितीत व्हायला हवी, दुसऱ्याची सीमेच्या माहितीत. दोन्ही एकाच परिच्छेदात घातल्या की पुढच्या पिढीला हातगडची हद्दही वादग्रस्त वाटेल.

परतताना मी मामांना विचारलं, कर्नाटकाच्या नकाशाखाली किंवा बेळगावच्या नोंदीत तुम्ही काय लिहाल? त्यांनी बोरगावपर्यंत विचार केला. मग मी वहीत लिहिलं : "ही सीमा १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानुसार आहे. महाराष्ट्राने यातल्या काही भागावर हक्क सांगितला असून २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे." त्यापुढे मी ८६५ गावे असा आकडा घातला होता. मामांनी तो वाचला आणि म्हणाले, आकड्याच्या शेजारी वर्ष घाल. महाजन आयोगापुढे मागणी ८१४ गावांची होती, २०२२ च्या विधिमंडळाच्या ठरावात ८६५ आहेत. वर्षाशिवाय आकडा छापलास तर वाचणाऱ्याला दोन पुस्तकांत दोन आकडे मिळतील, आणि त्यातलं एक पुस्तक खोटं आहे असं तो समजेल. मी दोन्ही आकडे वर्षांसकट लिहून घेतले.