पायली नव्हे, मापटं

आमच्या शाळेच्या एका वर्गखोलीत छोटंसं संग्रहालय आहे. वस्तूंची नोंद माझ्याकडे असते. गेल्या दिवाळीनंतर गावातले एक आजोबा पिशवीत गुंडाळलेलं पितळी भांडं घेऊन आले. "सर, ही शिवाजी महाराजांच्या काळातली पायली. आज्याच्या आज्यापासून आमच्या घरात आहे." भांडं लखलखत होतं. शाळेत द्यायचं म्हणून सूनबाईंनी आदल्या रात्री चिंच-मीठ लावून घासलं होतं. प्रेमाने केलेलं काम, काय बोलणार? पण जुन्या मापाचं वय सांगणारे शिक्के याच घासण्यात निम्मे झिजतात.

मी कार्ड घेतलं आणि नावाची ओळ कोरीच ठेवली. आतला व्यास ९.२ सेंटिमीटर, आतली उंची ८.८. म्हणजे हिशेबाने सुमारे ५८५ मिलिलिटर मावायला हवं. पायली म्हणजे चार शेर. हे भांडं दीड तांब्याचंही नव्हतं. पण मुलांना 'पायली नाही' एवढं सांगून भागत नाही. मग काय आहे, ते दाखवावं लागतं.

जुन्या मापांची गंमत अशी की ती दुपटीने चढतात: दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अडशेरी, दोन अडशेऱ्या एक पायली. म्हणून वजनकाट्यापेक्षा शेजारचं माप जास्त खरं बोलतं. काट्याला धान्य बदललं की आकडा बदलतो. त्याच भांड्यात बाजरी एक वजन देते, शेंगा दुसरंच. आमच्या खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या माहेरचा लोखंडी शेर अजून घरात होता. मधल्या सुट्टीत तो आणला. तो खरंच शेर आहे का, ही शंका आधी फेडली: मोजपात्राने बाजरी भरून पाहिली, काठाबरोबर ११७० मिलिलिटर. आमच्या भांड्याच्या हिशेबाच्या बरोबर दुप्पट.

मग पितळी भांड्याने भरून दोनदा शेरात ओतलं. मुलांनी शीग लावायचा आग्रह धरला. मी फूटपट्टी काठावरून फिरवून सपाट केलं, कारण शीग ज्याच्या त्याच्या हाताची असते. दुसरं ओतणं संपलं आणि शेर मूठभर रिकामा राहिला! सगळे माझ्याकडे बघू लागले. दोनदा परत केलं, तीच मूठ. शेवटी भांडं उलटं केलं. तळ आत दबला होता, मधोमध, जवळपास बशीसारखा. व्यास-उंचीच्या हिशेबात हा उंचवटा कुठे येणार? मी उंची काठाजवळ मोजली होती. बाजरीने मोजल्यावर ५६० मिलिलिटरच निघालं. म्हणजे नाव मापटं, अर्ध्या शेराचं, पण आजच्या अवस्थेत थोडं कमी भरणारं.

काळाचं काम अवघड होतं. काठाखाली ठोकलेल्या लहान खुणांची एक ओळ होती. चिंचेच्या तडाख्यातून वाचलेल्या तीनच, त्याही अर्धवट. पण त्यांचा ठसा वजनमापं तपासून मारतात त्या शिक्क्यांसारखा. मुंबई प्रांताचा वजनमापांचा कायदा १९३२ चा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने आली. त्यानंतर शेराच्या मापाला सरकारी शिक्का बसण्याचं कारण उरलं नाही. मात्र शिक्का सांगतो तो वापराचा काळ. भांडं त्याआधीच ओतलेलं असू शकतं, आणि घरात तर माणसं पुढेही कित्येक वर्षं शेरा-मापट्यानेच मोजत राहिली. शिवकालाचा पुरावा मात्र कुठेच नव्हता.

शेवटी कार्ड असं लिहिलं:

संभाव्य नाव: मापटे (अर्धा शेर)
उपयोग: धान्य मोजणे
काळ: शिक्क्यांवरून दुकानातला वापर बहुधा १९३२ ते १९६० च्या सुमारास, घडण त्याआधीचीही असू शकेल
आधार: शेराशी तुलना, काठाखालचे शिक्के
धारण: काठाबरोबर ५६० मिलिलिटर
अवस्था: नुकतेच घासलेले; शिक्के झिजलेले; तळ आत दबलेला
दात्याचे म्हणणे: पायली, शिवकालीन

भांड्यावर रंगाने क्रमांक घालायचं टाळलं. सुती नाडीला चिठ्ठी बांधली. शेवटची ओळ कोणी खोडू नये म्हणून मी भांडलो. आजोबांनी जे ऐकलंय ते त्यांच्या नावाने नोंदवलं पाहिजे. आमचं म्हणणं वेगळ्या ओळीत.

आजोबांना कार्ड वाचून दाखवलं. शिवकालाचं त्यांना फारसं लागलं नाही, स्वतःचं म्हणणं कार्डावर आहे एवढ्यावर ते खूश. 'तळ आत दबलेला' यापाशी मात्र थांबले.

"हे कशाला लिहिलं?"

"आहे तसं लिहितो, आजोबा. पडलं असेल कधीतरी."

ते भांड्याच्या बुडावरून बोट फिरवत हसायला लागले. "सर, आमच्या आज्याचं वाण्याचं दुकान होतं, हे सांगायचं राहिलंच."

मी पेन्सिल घेतली आणि दात्याच्या ओळीत तेवढं वाढवलं.