परसातली आखणी

आज दुपारी एकला निकाल लागला. ओंकार गणितात नापास झाला. बीजगणितात 40 पैकी 5, भूमितीत 3, अंतर्गतचे 14. सगळे मिळून 22, आणि पास व्हायला 35 हवेत. मोबाईल माझ्या हातात देऊन पोरगं माळ्यावर जाऊन बसलं, जेवायलाही उतरलं नाही. शेजारून पेढे आले, ते मी झाकून ठेवले. ह्यांनी फोनवर समजावलं की एकच विषय राहिलाय, एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही आहे. सगळं खरं, पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं.

ऊन कलल्यावर आबांनी हाक मारली, "ओंक्या, खाली ये रं. दोरी धरायला माणूस न्हाई."

परसात शेळ्यांची शेड बांधायचीय, 12 फूट बाय 9. आबांचा जन्म गवंडीकामात गेला. निकालाचं नाव न काढता त्यांनी टेप त्याच्या हातात दिला. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर 4 फुटांवर खूण, दुसरीवर 3 फुटांवर. मग दोन खुणांमधलं तिरकं माप. ते 5 फूट 2 इंच भरलं.

"5 भरलं पायजे. आता काय करायचं?"

ओंकार जरा वेळ दोऱ्यांकडे बघत राहिला. "कोन फाकलाय आबा. ही खुंटी आत घ्यायला लागंल."

आत घेतली, बरोबर 5 भरलं. चारही खुंट्या रोवून झाल्यावर आबा म्हणाले, आता कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत किती येईल ते मोजायच्या आधी सांग. त्यानं मातीतच काडीनं मांडलं. 144 आणि 81, 225. "15 फूट." दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही 15. फक्की टाकताना त्याचा गळा दाटून आला. "मग पेपरात का नाही आलं मला?"

आबांनी त्याला जवळ घेतलं. "भिंत वळंब्यात न्हाई आली तर उतरवतो आपण. इटा त्याच लावतो. मी लई भिंती उतरवल्यात, बाळा." किती तरी वेळ ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. मला आत राहवेना, पण मी बाहेर गेले नाही. तिथं मी नकोच होते.

जेवताना आबांनी विचारलं, "3, 4 न् 5 का जुळतंय, ते मला कुणी सांगितलंच न्हाई. तुमच्या पुस्तकात हाय का?"

ते पायथागोरसचं प्रमेय. त्याची सिद्धता ओंकारनं पेपरात कोरी सोडली होती. आता त्यानं काटकोनातून कर्णावर लंब टाकला, तीन समरूप त्रिकोण दाखवले, बाजूंची गुणोत्तरं लिहायला घेतली आणि दुसऱ्या समीकरणाशी अडकला. मी हे लिहितेय तेव्हा दोघं अजून त्या वहीवर वाकलेत. पुरवणीचा फॉर्म शाळेतून भरायचाय, उद्या मी जाऊन येते.