उष्टावणाचा मुहूर्त आणि बाळाची झोप

«काकू, बाळाचं उष्टावण घरीच करायचंय. निमंत्रणात काय लिहायचं, कशानंतर काय करायचं, आणि ऐनवेळी बाळ रडायला लागलं तर?»

सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. आमच्या थोरल्या नातवाचं उष्टावण आम्ही इंदूरला लोकमान्य नगरच्या घरी केलं तेव्हा मुहूर्त होता दुपारी बारा वाजून दहा मिनिटांचा. नातू सकाळी नऊपासून जागा होता. अंगात जरीचा अंगरखा, कमरेला साखळी, घरात चाळीस माणसं. मामाने चमचा पुढे केला तोवर त्याची झोपेची वेळ टळून पाऊण तास झाला होता. त्याने असा सूर लावला की गुरुजींनी मंत्र आवरते घेतले. त्या दिवसाच्या एकाही फोटोत त्याचे डोळे कोरडे नाहीत.

धाकट्या नातीच्या वेळी मी आधी तिची झोप मांडून घेतली. सूनबाईने आठ दिवस तिच्या उठण्या-निजण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. सहा महिन्यांचं बाळ एका झोपेनंतर साधारण दोन ते अडीच तास आनंदात जागं राहतं, त्यापुढे किरकिर सुरू होते. नात सहाला उठायची आणि सव्वाआठ ते सव्वानऊ एक झोप काढायची. म्हणजे साडेनऊ ते अकरा हा तिचा सगळ्यात चांगला वेळ. गुरुजींना मी मिनिटाचा मुहूर्त मागितला नाही. «रविवारी साडेनऊ ते अकराच्या मधे चालेल का?» एवढंच विचारलं. त्यांनी पंचांग पाहून होकार दिला. सकाळचीच वेळ धरण्यामागे आणखी एक कारण आहे. नवं अन्न अंगावर पुरळ किंवा उलटीच्या रूपाने उलटलं, तर दिवसाउजेडी कळतं आणि डॉक्टरही भेटतात.

महिन्याचं सांगते. मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, अशी आपल्याकडची रीत. गृह्यसूत्रात सहावा महिना सांगितला आहे. डॉक्टरही सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचं अन्न सुरू करा म्हणतात. मुलीचं सोपं आहे, सहा पूर्ण होऊन सातवा लागला की दोन्ही जुळतं. मुलाच्या बाबतीत चालू महिना मोजला तर सहावा महिना सहा पूर्ण व्हायच्या आधीच येतो. तिथे पूर्ण झालेले महिने मोजा, नाहीतर आठव्यात करा. मात्र बाळ मान नीट धरतं का आणि आधाराने बसतं का, हे आधी बघा. तेवढं नसेल तर तिथी चांगली असली तरी थांबा.

निमंत्रण आम्ही छापलं नाही. फोनवर पाठवलं ते असं:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
सप्रेम नमस्कार. आमच्या लेकीला सहा महिने पूर्ण झाले. येत्या रविवारी घरीच तिचं उष्टावण करत आहोत. सकाळी १०.३० वाजता तिला आशीर्वाद द्यायला आणि मग आमच्याबरोबर जेवायला सहकुटुंब यावं. पावणेबाराला तिची झोपेची वेळ आहे, तेव्हा वेळेवर आलात तर तिची भेट होईल. आहेर आणू नये, आशीर्वाद द्यावा.
आपले, (आईबाबांची नावं), (आजीआजोबांची नावं), पत्ता

झोपेचं वाक्य घालू की नको, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी आग्रहाने घातलं. कुणालाही वाईट वाटलं नाही, उलट पावणेअकराच्या आत सगळे हजर होते. आमचे मारवाडी शेजारी आणि मुलाचे हिंदी बोलणारे मित्रही येणार होते, म्हणून हाच मजकूर हिंदीत वेगळा पाठवला आणि त्यात उष्टावणाऐवजी अन्नप्राशन लिहिलं.

साडेदहाची वेळ पाहुण्यांची होती. विधी त्याआधी, फक्त घरच्यांत. त्या वेळी नऊच माणसं होती. अनोळखी चेहरे आणि आवाज हेच बाळाला सगळ्यात जास्त बिथरवतात. मामा वडोदऱ्याहून येणार होता, त्याला मी शुक्रवारीच बोलावून घेतलं. त्याला दाढी आहे. पहिल्या दिवशी ती त्याच्याकडे जाईना, शनिवारी संध्याकाळी त्याच्याच खांद्यावर झोपली. एकाच सकाळी ओळख, मांडी आणि नवा घास एवढं सगळं बाळावर लादू नये.

आता क्रम. ती झोपलेली असतानाच नऊला तिचे आईबाबा पाटावर बसले. आचमन, संकल्प, सुपारीच्या गणपतीची पूजा, कुलदेवतेचं स्मरण, हे सगळं तिच्याशिवाय झालं. पूजेला बाळ मांडीवर हवंच असं नाही, असं गुरुजींनीच सांगितलं. ती उठल्यावर आईने पाजलं, पण पोटभर नाही, रोजच्यापेक्षा निम्मं. पूर्ण भुकेलं बाळ चमचा बघून चिडतं आणि पोट भरलेलं तोंड उघडत नाही. मग सुती झबलं घातलं. जरीचा फ्रॉक आधीच घालून फोटो काढून ठेवला होता. वाळे तेवढे पायात होते.

नैवेद्य दाखवला आणि पावणेदहाला मामाने तिला मांडीवर घेतलं, तोंड पूर्वेकडे. तिच्या अगदी समोर, तिला दिसेल अशी आई बसली. गुरुजींनी «अन्नपतेऽन्नस्य नो देहि» हा मंत्र म्हटला. अन्नाच्या स्वामीकडे रोग न करणारं, बळ देणारं अन्न मागायचं, एवढा त्याचा सरळ अर्थ. मामाने सोन्याची अंगठी भातात टेकवून तिच्या ओठाला लावली, मग चांदीच्या चमच्याने दिलं. अंगठी बिनखड्याची, उकळून घेतलेली. खड्याच्या खाचेत मळ बसतो आणि खडा निसटला तर तो बाळाच्या तोंडात जातो.

आश्वलायन गृह्यसूत्रात दही, मध आणि तूप घातलेलं अन्न सांगितलं आहे. त्यातला मध आम्ही वगळला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणंही नको. मधात क्वचित बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. आधी शौचाला होत नाही, मग रडणं आणि दूध ओढणं मंदावतं, अंग सैल पडतं. मध उकळला तरी ते बीजाणू मरत नाहीत. आमच्या घरी आत्याबाईंना मध नसल्याचं फार लागलं. गुरुजींनी त्यांना समजावलं, «तूप आहे ना, मग विधी पूर्ण आहे.» मध त्यांनी देवापुढच्या पंचामृतात घातला आणि त्यांचं समाधान झालं.

तिच्या वाटीत होता मऊ भात. जुना तांदूळ दोन चमचे, मुगाची डाळ एक चमचा, पाणी पाऊण वाटी, कुकरला पाच शिट्ट्या. गरम असतानाच पुरणाच्या बारीक चाळणीतून घासून काढला, उकळलेल्या पाण्याने सैल केला आणि वर तुपाचा थेंब घातला. मीठ, साखर, गूळ काही नाही. चमचा तिरका केल्यावर भात सावकाश घसरला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर पातळ झाला, चमच्याला चिकटून राहिला तर घट्ट. केशर-बदामाची खीर केली होती, ती मोठ्यांसाठी. सुकामेवा पहिल्याच दिवशी भाताबरोबर दिला आणि काही झालं तर कशाने झालं ते कळत नाही.

पहिला घास तिने जिभेने सरळ बाहेर ढकलला. «आवडलं नाही गं तिला,» असं लगेच कुणीतरी म्हटलं. तसं नसतं. तान्ह्याची जीभ ओठाला लागलेलं काहीही बाहेर ढकलते, ही त्याची उपजत सवय असते आणि ती हळूहळू जाते. मामाने हनुवटीवरचा भात चमच्याने टिपून पुन्हा ओठावर ठेवला आणि थांबला. तिने वरचा ओठ खाली आणला, चमच्याची कड पकडली आणि चुटूचुटू चोखायला लागली. आठ दिवस मी तोच चमचा रिकामा तिच्या हातात खेळायला देत होते. त्यामुळे चमच्याची ओळख होती, भात तेवढा नवा होता.

मामानंतर आई, बाबा आणि दोन्ही आज्यांनी एकेकदा बोटाच्या पेराएवढा भात दिला. पाहुण्यांपैकी कुणीच भरवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. प्रत्येकाने हात धुतलेत की नाहीत, हे तेव्हा बघता येत नाही आणि वीस घास बाळाला झेपतही नाहीत. सगळं मिळून दोन चमचे गेले असतील. मग औक्षण. निरांजन लांबून ओवाळलं आणि डोक्यावरच्या अक्षता लगेच झटकल्या. या वयात मांडीवर पडलेला दाणा थेट तोंडात जातो. पाहुण्यांनी साडेदहानंतर नुसत्या कुंकवाने औक्षण केलं.

आता रडण्याचं. बाळ डोळे चोळतं, कान ओढतं, मान फिरवतं, पाठ ताठ करतं. यातलं एक दिसलं की चमचा खाली ठेवा. पूर्ण रडायला लागल्यावर आवरणं कठीण जातं. आईने दुसऱ्या खोलीत नेऊन पाजावं, दहा मिनिटं थांबावं आणि मग एकदाच पुन्हा बघावं. हात धरून, गाल दाबून भरवू नका. रडताना घास श्वासनळीत जाण्याची भीती असते. ओकारीसारखा आवाज करत बाळ लाल झालं तर घाबरू नका, ते स्वतः घास पुढे आणत असतं. आवाजच बंद झाला आणि श्वास येईना, तर मात्र तो घास अडकलेला असतो. तेव्हा बाळाला पालथं हातावर घेऊन, डोकं खाली ठेवून, पाठीवर खांद्यांच्या मधे तळव्याने पाच वेळा जोराने थापटायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने मदत बोलवायची. घरातल्या एकाला तरी हे आधी डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या. आणि दुसऱ्या वेळीही तिने नाकारलंच तर? गुरुजी म्हणाले, ओठाला अन्न लागलं की प्राशन झालं.

पुस्तक, लेखणी, मातीचा गोळा, कापड असं पुढे ठेवून बाळ काय उचलतं ते बघायचं असतं. ते आम्ही सकाळी केलंच नाही. बारा वाजता ती झोपली. पाहुणे पुरी-श्रीखंड, मसालेभात जेवून गेले. पाचला ती ताजीतवानी होती, तेव्हा सतरंजीवर सगळं मांडलं. तिने सगळ्यावरून नजर फिरवली आणि शेजारी राहिलेला चांदीचा चमचा उचलला.

पुढचे तीन दिवस सकाळी दहाला तोच भात, तेवढाच. दूध नेहमीसारखं. चौथ्या दिवशी उकडलेलं गाजर कुस्करून दिलं.