नववीच्या मुली आणि पीटीचा तास : माझा अनुभव

परळ भागातील एका अनुदानित मराठी शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. सहावीपर्यंत लंगडीत कोणालाच हार न जाणाऱ्या मुली आठवीच्या दुसऱ्या सत्रापासून एकेक करून पायऱ्यांवर बसू लागतात आणि नववीत तर पीटीच्या तासाला "बाई, पोटात दुखतंय" हे वाक्य ठरलेलेच असते. मुली आळशी झाल्या, असे शिक्षकांच्या खोलीत सहज म्हटले जाते. मला ते पटत नव्हते, म्हणून हजेरीच्या वहीत मी दोन रकाने वाढवले : त्या दिवशी तासाला काय घेतले आणि कोण बाहेर बसले.

सत्र संपेपर्यंत या रकान्यांनी बरेच सांगितले. बाहेर बसणाऱ्या मुलींची संख्या शनिवारी, म्हणजे पांढऱ्या गणवेशाच्या दिवशी, सर्वांत जास्त असे. मैदानाला फेऱ्या आणि दोरीउड्या असलेल्या तासांनाही ती वाढे. लेझीम असेल त्या दिवशी मात्र पायऱ्या जवळजवळ रिकाम्या असत. त्यानंतर मी मुलींकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. पांढऱ्या सलवारीवर डाग पडण्याची भीती बहुतेकींनी लिहिली होती. धावताना छाती हलते आणि मुले बघतात, असेही अनेकींनी लिहिले होते आणि हे तोंडी विचारले असते तर एकीनेही सांगितले नसते.

गणवेशाचा विषय मी आधी मुख्याध्यापिकाबाईंकडे आणि मग पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडला. पांढरा रंग ही शाळेची परंपरा आहे, असा पहिला आक्षेप आला. त्यावर मी विम्बल्डनचे उदाहरण दिले : पांढऱ्या पोशाखाबाबत कमालीच्या कडक असलेल्या त्या स्पर्धेनेही 2023 पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालण्याची मुभा दिली, आणि त्यामागे पाळीच्या दिवसांतील हीच काळजी होती. दुसरा आक्षेप खर्चाचा होता आणि तो अगदी रास्त होता, कारण आमच्याकडे दोन गणवेशांतच वर्ष काढणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणून नवा गणवेश नेमायचाच नाही, असे ठरले. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या संचलनाला पांढरा गणवेश राहील. एरवी कोणत्याही दुकानातील गडद निळी ट्रॅकपँट आणि शाळेचाच टी-शर्ट चालेल, मग तो सैल असो वा पूर्ण बाह्यांच्या कपड्यावर घातलेला. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या मुलींनी त्याची टोके आत खोचावीत आणि टाचण्या लावू नयेत, एवढीच सुरक्षिततेची अट ठेवली.

याहून मोठा फरक एका छोट्या निर्णयाने पडला. पीटी असलेल्या दिवशी मुलींनी घरूनच ट्रॅकपँट घालून यावे, असे आम्ही ठरवले. तास पस्तीस मिनिटांचा, मुलींची स्वच्छतागृहे मोजकी आणि कपडे बदलण्यासाठी आडोसा नाही, अशा स्थितीत तासाचा पाव भाग रांगेतच जात होता, आणि एकमेकींसमोर कपडे बदलावे लागू नयेत म्हणूनही काही जणी बाहेर बसत होत्या. गणिताच्या तासाला ट्रॅकपँट शोभत नाही, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. त्यांची समजूत घालण्यात पालकांपेक्षा जास्त वेळ गेला.

छातीच्या आधाराचा प्रश्न मुलींच्या आयांसमोर वेगळ्या बैठकीत घेतला. ब्रिटनमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलींच्या पाहणीत जवळजवळ निम्म्या मुलींनी, स्तनांच्या कारणामुळे आपल्या खेळातील सहभागावर परिणाम होतो, असे सांगितले होते. आमच्या चिठ्ठ्या वाचून मला त्याचे आश्चर्य वाटले नाही. बैठकीत मी दोनच खुणा सांगितल्या : छातीखालचा पट्टा दोन बोटे जातील इतपतच सैल असावा आणि हात वर केल्यावर तो वर सरकू नये. पुढे वाढेल म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय या बाबतीत उपयोगाची नाही, हे आयांना लगेच पटले.

त्यानंतर प्रश्न आला खेळांच्या निवडीचा. आमचे मैदान म्हणजे फरसबंद अंगण आणि शिक्षिका मी एकटी, त्यामुळे वाटेल तो खेळ निवडा असे म्हणणे शक्य नव्हते. सहा-सहा आठवड्यांच्या टप्प्यासाठी मी लेझीम, थ्रोबॉल आणि दोरीउड्या-योगासने असे तीन पर्याय ठेवले आणि प्रत्येकीकडून पहिली व दुसरी पसंती लेखी घेतली. ज्या गटात नवे कौशल्य शिकवायचे असे तिथे मी उभी राहत असे. उरलेले दोन गट त्यांना आधी येत असलेलेच काम करत. पहिल्या टप्प्यात लेझमीला इतकी गर्दी झाली की लेझमी पुरल्या नाहीत, आणि लालबाग-परळमध्ये यापेक्षा वेगळे काही होणार नव्हते. शिवाय पसंती खेळाची नसून मैत्रिणीची असते, हेही दिसले. त्यावर उपाय म्हणून मैत्रिणींच्या जोड्या तशाच ठेवल्या, पण टप्पा अर्धा झाल्यावर गट बदलण्याची एक संधी दिली.

मात्र एक गोष्ट मी निवडीवर सोडली नाही. वर्षातून एक टप्पा चेंडूच्या खेळाचा घेणे सर्वांना सक्तीचे केले. ज्या मुलीला लहानपणी कोणी फेकायला-झेलायला शिकवलेच नाही, ती चेंडूचा प्रत्येक खेळ नाकारते आणि तिच्या नकाराला आपण आवड म्हणून मोकळे होतो. त्या टप्प्यात आधी मऊ चेंडू, खाली बांधलेली जाळी आणि पाच-पाच जणींचे संघ ठेवले. संघ मोठा असला की तिघी-चौघीच खेळतात आणि बाकीच्यांच्या हाताला चेंडू लागत नाही. सर्व्हिस चुकली तर ती एकदा पुन्हा करण्याची मुभा दिली.

वर्गातले वातावरण बदलणे सर्वांत किचकट होते. दोन कप्तानांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत मी बंद केली, कारण शेवटी उरणारी मुलगी नेहमी तीच असते. आता पत्त्यांच्या रंगांवरून संघ पडतात. मुलांचा खेळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. शरीरावरून शेरा मारणाऱ्याचा खेळ तिथेच थांबतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. पहिल्या महिन्यात हा नियम मुलींनाच जास्त वेळा लागू करावा लागला. पाळीच्या दिवशी कारण न सांगता हलका गट निवडता येतो, आणि कपाटात पॅड व दोन गडद पँट ठेवलेल्या असतात.

गुणलेखन आणि वेळ मोजणे ही कामेही मी सुरू केली होती, पण काही आठवड्यांनी वही पाहिली तेव्हा ठरावीक चौघी-पाच जणींचीच नावे तिथे दिसली, म्हणजे पायरीऐवजी खुर्ची आली होती. आता हे काम एका डावापुरतेच मिळते आणि त्यानंतर त्या मुलीला खेळात उतरावेच लागते.

नववीतल्या पायऱ्या आता पूर्वीइतक्या भरत नाहीत, आणि शनिवारचा फरक जवळजवळ मिटला आहे. दहावीत मात्र दिवाळीनंतर पीटीचे तास गणित आणि विज्ञानाच्या उजळणीला दिले जातात. त्यातला आठवड्याचा एक तास तरी वेळापत्रकात राहावा, असा अर्ज मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दिला असून त्यावर पुढच्या बैठकीत चर्चा होणार आहे.