मावशीच्या चकल्या एडिसनपर्यंत

सांगलीची माझी मावशी घरी फराळ करते आणि कुरिअरने इथे अमेरिकेत विकते. इथे न्यूजर्सीतल्या एडिसनमध्ये रात्री नऊला पोरं एकदाची झोपली की आयांच्या हातात फोन येतो आणि तेव्हाच सगळ्यांना फराळाची आठवण होते. त्या वेळी सांगलीत सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, मावशीची पहिली कढई तापलेली, हात पिठाचे, आणि फोनवर टुंगटुंग सुरू. ती निवांत होते रात्री साडेआठला, तेव्हा आमचे सकाळचे अकरा, म्हणजे सगळे ऑफिसच्या मीटिंगमध्ये. पहिल्या वर्षी तिने बिचारीने प्रत्येक मेसेजला लगेच उत्तर द्यायचा प्रयत्न केला आणि दोन घाणे करपवले.

मग मीच तिला सांगितलं, मावशी, तू सकाळी तळण उरकून घे, मग सकाळीच साडेआठ ते साडेनऊ एवढाच तास फोन हातात घे. तेव्हा आमचे रात्रीचे साडेआठ-साडेनऊ नसतात, अकरा वाजून गेलेले असतात, पण लोकांना उठल्यावर उत्तर मिळतं आणि तेवढ्याने चालतं. कॅलिफोर्नियावाले मात्र तेव्हा जागे असतात, त्यांचं थेट बोलणं होतं. आणि हो, "उद्या पाठवते" असं लिहायचं नाही, वार आणि तारीख लिहायची, कारण तिची उद्या आणि आमची उद्या वेगळी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा परत सगळं तासाने सरकतं, हे तिला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं 😄

प्रश्न म्हणाल तर तेल कुठलं, चिवड्यात शेंगदाणे आहेत का (इथे ॲलर्जीवाली मुलं खूप, त्यामुळे हा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका, एकाच कढईत तळलं असेल तर तसं स्पष्ट सांगा), कधी केलं. याची उत्तरं मावशीला तोंडपाठ. खरी गोची झाली ती वजनावरून. एकीने विचारलं, काकू, सामान पाच किलो आणि कुरिअरचे पैसे सात किलोच्या वर कसे? तिला वाटलं मावशी मधले खातेय. मावशीला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तर ते असं असतं, कुरिअरवाले बॉक्सची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात. आमचा बॉक्स 40 बाय 30 बाय 30, म्हणजे 36000 भागिले 5000, 7.2 किलो. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त त्याचे पैसे. चिवडा-चकली म्हणजे निम्मी हवाच की! आता मावशी चकलीच्या डब्यांच्या मधल्या फटीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन लाडू बसवते, सात किलो भरेपर्यंत, कुरिअरचं बिल जवळपास तेच. आणि हा हिशोब मापाची पट्टी लावलेल्या बॉक्सच्या फोटोसकट आधीच पाठवते. तेव्हापासून तो प्रश्न आला नाही.

ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची कस्टम ड्युटीची सूट बंद झाली, त्यामुळे नवा प्रश्न, ड्युटी कोण भरणार? बुकिंग करणारा एकजण म्हणाला, "गिफ्ट लिहा की." घरी केलेला खाऊ नातेवाईकाला खरोखर भेट म्हणून पाठवला तर एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याला आधी कळवावं लागत नाही, पण विकलेल्याला कळवावं लागतं, त्यामुळे मावशीने साफ नाही म्हटलं. आता ती दर सांगतानाच ड्युटी धरून, दारापर्यंतचा एकच आकडा सांगते. दोघीतिघींनी महाग म्हणून सोडलं, चालायचंच.

पण विश्वास कुठून आला सांगू का? इथल्या बाईने फोटो बघून कधीच ऑर्डर दिली नाही. तिची आई सांगली-मिरजेत, सासू पुण्यात. मावशी त्यांच्याकडे पाव किलो नमुना पोचवते, आई खाऊन लेकीला फोन करते, "चकली बरी आहे गं, काटा छान आलाय", आणि पैसेही बऱ्याचदा आईच यूपीआयने भरते. म्हणजे खाणारी एडिसनला पण गिऱ्हाईक मिरजेतच.

एकदा घोटाळा झालाच. गडबडीत चिवडा कोमट असताना पिशवीत सील केला, आतल्या वाफेने इथे येईपर्यंत पोहे चिवट. बॉक्स उघडला तेव्हा मी तिथेच होते, खवट वास नव्हता, म्हणजे तेल बरं होतं, फक्त कुरकुरीतपणा गेलेला. मावशीने त्या बाईच्या आईच्या घरी जाऊन चिवड्याचे पैसे परत दिले, आणि आता चिवडा रात्रभर वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली, सकाळी हाताला गार लागला तरच पिशवीत.

या वर्षी दुबईहून चुलतबहिणीने अनारसे मागितलेत. तिकडे खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे मावशी म्हणतेय, तीळ लावून बघते, पण त्याला अनारसा म्हणायचं का ते तूच ठरव.