तुकडा आधी, नंबर मागून: आमची वाटचाल

साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढून त्यांत रंग चढवून देणाऱ्या आमच्याबद्दल बाजारात दोन गोष्टी बोलल्या जातात. आम्ही महाग आहोत, आणि कापडाचा तुकडा हातात आल्याशिवाय आम्ही फोटोला हात लावत नाही. दोन्ही खऱ्या आहेत. दुसरीमुळेच पहिली आहे. मध्यंतरी तिसरीही एक गोष्ट फिरत होती, की 'त्यांना रंग कळत नाही'. ती कुठून निघाली ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळेच.

सुरुवात इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या माडीवर झाली. हे लग्नांचे फोटो काढत, मी अल्बम लावून देत असे. पुढे साड्यांच्या कॅटलॉगचं काम येऊ लागलं आणि लग्नं सुटली. या धंद्यातल्यांना सांगायला नको, पण एक साडी मॉडेलला नेसवायची, फोटो काढायचे आणि उरलेले सात-आठ रंग कॉम्प्युटरवर चढवायचे, असं ते काम. प्रत्येक रंगासाठी मॉडेल, मेकअप आणि नेसवणारी बाई पुन्हा बोलवायची म्हटलं तर कोणत्याच व्यापाऱ्याला परवडत नाही.

आमचे पहिले कायमचे गिऱ्हाईक म्हणजे तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधले एक सेठजी. माहेश्वरीचे व्यापारी. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात झिगझॅग कात्रीने कापलेले तुकडे घेऊन यायचे, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लॉटचा नंबर. तुकडा नेहमी अंगातला, काठ-पदराचा कधीच नाही. माहेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. रंग दोघांवर सारखा बसत नाही, आणि धूपछाँव असेल तर साडी हलली की रंग हलतो. माझं काम पूर्ण झालं की ते तुकडा स्क्रीनला लावून कधीच बघत नसत. तो घेऊन गॅलरीत जायचे, उन्हात नाही, सावलीत. तिथे नीट बघून आत यायचे आणि म्हणायचे, "भाभी, तुम्हारा टीवी झूठ बोलता है." पहिली दोन वर्षं मला याचा राग यायचा.

नंतर कळलं की आमच्या ट्यूबलाइटखाली जे दोन तुकडे जुळ्या भावांसारखे दिसत, ते गॅलरीत वेगळे पडत. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी आणलेली एकच छटा एका उजेडात जुळते आणि दुसऱ्यात फुटते. रंगारी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. फोटोवाले मात्र ट्यूबखाली तुकडा बघतात, स्क्रीनवर रंग बघतात आणि म्हणतात जुळला. आम्ही त्याच महिन्यात दिवसाच्या उजेडाचे दिवे असलेली एक पेटी करून घेतली, आतून राखाडी रंगवलेली. ती पेटी आणि मॉनिटरचं कॅलिब्रेशनचं यंत्र, या दोन गोष्टी मी कुणाला उसन्या देत नाही. आलेल्यांना ती पेटी म्हणजे देवघर वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली. दोन मुली कामाला ठेवल्या, जागा बदलली, सांगण्यासारखं काही नाही.

मग ते युनिफॉर्मचं काम आलं. एका मोठ्या कंपनीच्या रिसेप्शनवरच्या बायकांसाठी साड्या बनणार होत्या. साड्या पुरवणारा पुरवठादार इथलाच, नाव घेत नाही. कंपनीचा रंग मोरपंखीकडे झुकणारा, आणि त्यांच्या ब्रँडच्या पुस्तिकेत तो छापलेला: `#008080`. म्हणजे लाल शून्य, हिरवा १२८, निळा १२८. मी तुकडा मागितला. "नंबर दिलाय ना, तोच लावा," असं उत्तर आलं. आठवड्याने हट्ट करून तुकडा मिळवला, कारण कापड तोवर रंगून तयार झालं होतं.

आता इथे जरा थांबते, कारण नेमकं इथेच बहुतेक जण फसतात. `#008080` हा स्क्रीनचा रंग आहे. स्क्रीन लाल बत्ती पूर्ण विझवू शकते. कापडाला ते येत नाही. कितीही गडद मोरपंखी कापड असलं तरी त्यातून थोडा लाल परततोच. शूटिंगच्याच दिव्यांखाली ग्रे कार्ड ठेवून तुकड्याचा फोटो काढला, कार्डवरून व्हाइट बॅलन्स लावला आणि मॉडेलच्या फोटोत कार्डचा जो आकडा होता तोच इथेही येईल असं एक्स्पोजर जुळवलं. मग फोटोशॉपचा आयड्रॉपर `31 by 31 Average` वर ठेवून रंग मोजला. एका पिक्सेलवर मोजू नका; तिथे कापड नाही, धागा मोजला जातो. तुकडा आला २८, ११२, ११४. पुस्तिकेपेक्षा गडद आणि मंद, पण हातातलं कापड तेच होतं.

मॉडेलला आम्ही नेहमी ऑफ-व्हाइट साडी नेसवतो. पांढरीशुभ्र नको, तिच्यातल्या चमक आणणाऱ्या रसायनामुळे ती निळी मारते आणि उजळ चुण्या फोटोत जळून जातात. काळी तर नकोच, कारण गडदावरून फिका रंग काढता येत नाही. चुण्यांत माहितीच नसते, उजळवलं की नुसते दाणे वर येतात. त्या साडीवर कमरेच्या वरचा, नीट उजेडातला सपाट भाग मोजला: २००, १९८, १९०. मग `Curves`, आणि प्रत्येक चॅनलमध्ये वरचं उजवं टोक सरळ खाली. लाल २५५ वरून ३६ वर, हिरवा १४४ वर, निळा १५३ वर. हिशेब त्रैराशिकाचा: २०० चे २८ व्हायचे तर २५५ चे किती. याने तो भाग तुकड्याच्या आकड्यावर येतो, आणि जी चुणी मूळ फोटोत निम्मी उजळ होती ती नव्या रंगातही निम्मीच राहते. रंगवलेलं खरं कापड असंच वागतं, म्हणून डोळा फसतो.

पुस्तिकेचा नंबर याच पद्धतीने लावला की लालचं टोक थेट शून्यावर जातं. सगळ्या साडीतून लाल चॅनल नाहीसा होतो, चुण्यांची खोली उथळ होते आणि साडी पावसाळी रेनकोटसारखी दिसते. पण स्क्रीनवर चमकते मात्र झकास.

दोन कामं त्यानंतरही उरतात. रेशमाची झळाळी कापडाच्या रंगाची नसते, दिव्याच्या रंगाची असते. म्हणून सर्वांत उजळ पट्ट्यांवरून रंग हळूहळू उतरवावा लागतो. `Blend If` चा उजवा बाण फोडून ओढला की हे होतं. आणि हनुवटी. ऑफ-व्हाइट साडीचा पांढरा उजेड मॉडेलच्या हनुवटीखाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला पडलेला असतो. साडी मोरपंखी झाली तर तिथे मोरपंखी झाक हवी, अगदी पुसट, सात-आठ टक्के. ती नसेल तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण साडी चिकटवल्यासारखी वाटते. कुणाचंही काम तपासायचं असेल तर मी आधी हनुवटी बघते, मग जरीचा काठ. जरीवर हिरवट झाक दिसली की समजावं, मास्क घाईत कापलाय.

आम्ही पुरवठादाराला दोन्ही फाइली पाठवल्या. एक पुस्तिकेच्या नंबरची, एक तुकड्याची, आणि सोबतच्या मेलमध्ये स्वच्छ लिहिलं की साडी दुसऱ्या फोटोसारखी दिसेल. त्यांनी पहिली निवडली. "यात जान आहे," म्हणाले. कॅटलॉग कंपनीच्या ऑफिसात मंजूर झाला, साड्या पोचल्या, आणि कुणीतरी साडी फोटोशेजारी धरली. पुरवठादाराने बोट आमच्याकडे दाखवलं. बिल अडकलं, पुढचं ठरलेलं काम गेलं. ते कुणाकडे गेलं? आमच्याकडेच हात बसवून बाहेर पडलेल्या एका मुलाकडे, जो निम्म्या दरात फोटो करून द्यायचा. त्याची पद्धत मला माहीत आहे: `Hue/Saturation` उघडायचं, `Colorize` वर टिक, स्लायडर मोरपंखीवर, मग `Lightness` खाली ओढायचं. त्याने उजळ भागही राखाडी पडतात आणि रेशमाचं सुती पोतेरं होतं. 'त्यांना रंग कळत नाही' हे बाजारात सांगत फिरणारा तोच.

त्या दिवाळीला आमच्याकडे काम नव्हतं. दुसरा मॉनिटर विकला, एका मुलीला घरी पाठवावं लागलं. मी दोन्ही फाइली, मेल आणि तुकडा घेऊन पुरवठादाराच्या ऑफिसात गेले. तुकडा खिडकीपाशी धरून दाखवला. त्यांचा खरेदी बघणारा माणूस म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे तुमचं, पण कंपनीला मी काय सांगू?" पैसे आजतागायत आलेले नाहीत.

सेठजींच्या कानावर हे गेलं होतं. ते आले, नेहमीचं पाकीट टेबलावर ठेवलं, यावेळी जाडजूड. पूर्ण लगीनसराईचा कॅटलॉग, आणि आगाऊ रक्कम, जी त्यांनी आधी कधी दिली नव्हती आणि नंतरही कधी दिली नाही. सहानुभूतीचा शब्द नाही. राणी रंगाच्या तुकड्यावर तर गॅलरीतून तीनदा परत पाठवलं. तो रंग खरंच अवघड. इतका भडक गुलाबी साध्या स्क्रीनच्या आवाक्याबाहेर जातो आणि लाल चॅनल २५५ ला जाऊन आपटतो, चुण्या सपाट होतात. शेवटी रंग थोडा दबवून चुण्या वाचवल्या. ते मान्य करायला त्यांनी दोन दिवस घेतले, आणि कॅटलॉगमध्ये त्या पानाखाली 'प्रत्यक्ष रंग अधिक भडक' अशी ओळ स्वतः छापून घेतली. असं लिहायला धीर लागतो. एवढ्या वर्षांत दुसऱ्या व्यापाऱ्याला ते सुचलेलं मी पाहिलं नाही.

नव्याने धंद्यात येणाऱ्या मुलांना, विचारलं नसलं तरी, सांगते. गिऱ्हाईक मोबाईलवर रंग नापास करू लागलं तर आधी त्याच्या फोनचा रात्रीचा पिवळा मोड आणि डिस्प्लेचा `Vivid` बंद करायला सांगा, मग वाद घाला. फाइल `sRGB` मध्येच द्या. कॅमेऱ्यातून आलेली `Adobe RGB` तशीच पुढे गेली तर कित्येक ठिकाणी रंग उदास दिसतात आणि दोष तुमच्यावर येतो. आणि नंबर व तुकडा दोन्ही आले, त्यांच्यात फरक निघाला, तर कोणता धरायचा हे गिऱ्हाइकाकडून लेखी घ्या. आम्ही आता त्यासाठी एक छापील कागद ठेवलाय. त्यावर तुकडा स्टेपल करून, लॉटचा नंबर घालून, शेजारी सही घेतो. सहीला का-कू करणाऱ्याचं काम घेत नाही. त्या पुरवठादाराकडून मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला होता. कागद पाठवलाय, आणि मागची बाकीही त्याच पाकिटात मागितली आहे.