एकवीस प्रश्न आणि माझा स्कोअर

“एवढं सगळं सोसून किती स्ट्राँग झालीस गं तू! त्या अपघाताने तुला काय शिकवलं?”

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगते. अपघाताचं तुम्हाला माहीतच आहे, दादा गेला, मी राहिले, ते परत उगाळत नाही.

पोस्ट ट्रॉमॅटिक ग्रोथ म्हणजेच आघातानंतरची वाढ ही कल्पना थोतांड आहे असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगते, नाहीतर लगेच लिंका यायला लागतात. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती मांडली, आणि त्यांचं म्हणणं तुमच्यापेक्षा कितीतरी सावध आहे. वाढ झालीच तर ती घटनेमुळे नाही, नंतरच्या झगड्यातून होते, दुःख तिच्या शेजारीच बसलेलं असतं, आणि ती सगळ्यांची होते असं अजिबात नाही. हे शेवटचं वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडलं आणि तुमच्यापर्यंत पोचलं ते “काय शिकलीस?”

आता तो फॉर्म. काउन्सेलिंगला जात होते तेव्हा एकदा हातात दिला. याच दोघांची 1996 सालची प्रश्नावली, एकवीस विधानं, प्रत्येकापुढे शून्य ते पाच. माणसांशी जवळीक वाढली का, स्वतःच्या ताकदीची जाणीव झाली का, आयुष्याची किंमत कळली का, नव्या वाटा दिसल्या का, श्रद्धा वाढली का. पेन हातात घेतलं आणि लक्षात आलं की यात खाली जायला जागाच नाही. शून्य म्हणजे ‘असा बदल झाला नाही’. जवळीक कमी झाली असेल तर? दादाचे मित्र भेटले की मी रस्ता बदलते, ते कुठे लिहू? तर तिथेही शून्य. म्हणजे काहीच न झालेली मी आणि तुटलेली मी एकाच आकड्यात. (नंतर कळलं की उलट्या विधानांची जोड दिलेली आवृत्तीही पुढे कुणीतरी केली. मला दिली नव्हती.)

अडचणी पेलता येतात हे आता कळलंय, अशा अर्थाचं एक विधान होतं, त्यापुढे मी चार लिहिला. ताई शेजारी बसली होती, ती डोकावून म्हणाली, “हे आत्ता कळलं तुला? आईच्या आजारपणात सगळं कोणी केलं मग?” मी गप्प. कारण चार लिहिताना मी काय केलं होतं, तर आधीची मी म्हणजे एक घाबरट मुलगी असं मनात धरलं होतं, आजची मी बरी दिसावी म्हणून. त्या एका आकड्यासाठी तेव्हा कशी होते ते आठवायचं, आज कशी आहे ते बघायचं, दोन्हींची वजाबाकी करायची आणि तो फरक अपघाताच्याच खात्यावर टाकायचा. कोणाला जमतं हो हे? पण एकूण बऱ्यापैकी भरली आणि समोरच्या बाई खूश झाल्या, “छान आहे स्कोअर!” म्हणाल्या. मलाही पास झाल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

2009 मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना आधीच प्रश्न विचारून ठेवले, दोनेक महिन्यांनी परत विचारले, आणि मधल्या काळात ज्यांच्यावर आघात झाला होता त्यांचं आधीचं-नंतरचं ताडून बघितलं. ‘माझी वाढ झाली’ असं लोक म्हणत होते त्याचा प्रत्यक्षात मोजलेल्या बदलाशी फारसा मेळच बसला नाही. उलट आपली वाढ झाली असं ज्यांना जास्त वाटत होतं त्यांचा त्रासही वाढलेला निघाला. आता दोन महिने हा काळ थोडा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. वर्षांनी काही खरंच उगवत असेल.

तुम्ही म्हणाल, मग तूच स्टेजवर ‘अपघाताने मला घडवलं’ म्हणाली होतीस ते? म्हणाले होते. त्या वेळच्या मला मी खोटारडी म्हणणार नाही, तिला रात्री झोप लागायला ते वाक्य हवं होतं आणि ते तिचं तिने शोधलं होतं. पण नंतर तुम्ही तेच प्रश्न करून माझ्याकडे मागायला लागलात, आणि ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसायचं त्या दिवशी वाटायला लागलं की दादाही गेला आणि मला त्यातून काही बनवताही आलं नाही, म्हणजे माझंच चुकतंय. ग्रुपमध्ये एक काका होते, मुलगा गेलेला. त्यांना कोणीतरी हाच प्रश्न विचारला तर म्हणाले, “काही नाही शिकलो.” पुढच्या वेळेपासून ते यायचे बंद झाले. कारण मला माहीत नाही, पण तो प्रश्न विचारून झाल्यावर खोलीत सगळे त्यांच्याकडे कसे बघत होते ते मी पाहिलंय.

ताईशी मात्र मी आता खरंच जास्त बोलते. हे अपघातामुळे, की आता आम्ही दोघीच उरलो म्हणून, की वय झालं म्हणून, मला ठरवता येत नाही. आणि ठरवलं तरी तुम्हाला सांगेनच असं नाही.